सरासरी ४४ हजार आणि मधल्या माणसाला २४ हजार: नऊ जणांच्या पगारपत्रकात नेमकं काय पाहायचं

प्रश्न: भोसरीत आमचं छोटं टूलरूम आहे, एकूण नऊ माणसं. मी अकाउंट्स बघतो. पगार असे आहेत: १६, १८, २०, २२, २४, २६, २८ (हा माझा), ३२ हजार आणि डिझाइन बघणाऱ्या सरांना २ लाख १० हजार. परवा पगारवाढीचं बोलणं निघालं तेव्हा साहेब म्हणाले, "आपल्याकडे सरासरी पगार ४४ हजार आहे, या धंद्यात एवढे कोण देतं?" सर सोडले तर ४४ हजार कोणालाच नाहीत. साहेब खोटं बोलतायत का? आणि मी पगारवाढ मागताना कुठला आकडा धरू, सरासरी की मध्यक?

उत्तर:

साहेब खोटं बोलत नाहीत. नऊ पगारांची बेरीज ३ लाख ९६ हजार होते, तिला नऊने भागलं की बरोबर ४४ हजार येतात. पण त्या आकड्यातून कळतं ते एवढंच, की सगळी रक्कम नऊ जणांना सारखी वाटली असती तर प्रत्येकाच्या वाट्याला किती आले असते. ती तशी वाटलेली नाही आणि वाटण्याचा कोणाचा विचारही नाही. इथे काम करणाऱ्या साधारण माणसाला किती मिळतात हे बघायचं असेल तर पगार चढत्या क्रमाने लावायचे आणि बरोब्बर मधला उचलायचा. नऊ जणांत मधला म्हणजे पाचवा, चार त्याच्या खाली आणि चार वर. तुमच्याकडे तो २४ हजार आहे. हा मध्यक.

पगारवाढ मागताना मात्र यातला कुठलाच आकडा तुमच्या फारसा कामाचा नाही. त्याकडे शेवटी येतो, कारण आधी हे दोन आकडे कसे वागतात ते नीट कळलं पाहिजे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण भागातल्या छोट्या युनिट्सची पगारपत्रकं मी बरीच वर्षं करतोय. एक अनुभवी डिझायनर किंवा पगार घेणारा डायरेक्टर सगळ्यांच्या खूप वर आणि बाकी सगळे एका अरुंद पट्ट्यात, ही रचना तिथे नेहमीची आहे. आणि अशाच ठिकाणी सरासरीवरून सगळ्यात जास्त गैरसमज होतात.

एका माणसाच्या पगाराने सरासरी एवढी वर कशी जाते ते तुमच्याच आकड्यांवर बघा. ४४ हजारांपासून प्रत्येकजण किती लांब आहे ते काढा. खालून सुरुवात केली तर हेल्पर २८ हजारांनी खाली, पुढचा २६, मग २४, २२, २०, १८, तुम्ही १६ आणि ३२ हजारवाला १२ हजारांनी खाली. आठ जणांची ही तूट मिळवली की १ लाख ६६ हजार होतात. आता सर ४४ हजारांच्या किती वर आहेत? २ लाख १० हजार वजा ४४ हजार, म्हणजे नेमके १ लाख ६६ हजार. सरासरीचा स्वभावच हा आहे. तिच्या खालची सगळी तूट आणि वरची सगळी जादा रक्कम नेहमी सारखी असते, तराजूचा काटा मध्ये यावा तशी. वर एकटा माणूस खूप लांब बसला की खालच्या आठांना मिळून त्याचा तोल सांभाळावा लागतो, आणि त्यासाठी सरासरी त्या आठांच्या डोक्यावरून वर निघून जाते. तुमच्या पगारपत्रकातल्या दर शंभर रुपयांतले ५३ रुपये एकट्या सरांचे आहेत. त्यामुळे सरासरीतही अर्ध्याहून जास्त वजन त्यांचंच.

मध्यकाला असं वजन कळत नाही, त्याला फक्त रांगेतली जागा कळते. सरांचा पगार २ लाख १० हजारांऐवजी ५ लाख केला तरी ते रांगेत शेवटचेच राहतात आणि मध्यक २४ हजारच राहतो. त्यांना यादीतून काढूनच बघा. उरलेल्या आठांची बेरीज १ लाख ८६ हजार, म्हणजे सरासरी २३,२५०. आठ हा सम आकडा असल्याने मध्यक काढताना चौथा आणि पाचवा घ्यायचा, २२ आणि २४ हजार, आणि त्यांचा मध्य २३ हजार. एक माणूस यादीतून गेल्यावर सरासरी ४४ हजारांवरून २३,२५० वर कोसळली, मध्यक फक्त हजाराने हलला. शिवाय सर नसताना सरासरी आणि मध्यक जवळजवळ एकाच जागी आले. याचा अर्थ बाकीच्या आठांचे पगार बऱ्यापैकी समतोल आहेत आणि दोन आकड्यांमधलं सगळं अंतर एकट्या सरांमुळे पडलेलं आहे.

कोणी नुसता सरासरी पगार सांगितला आणि पूर्ण यादी हातात नसेल, तर मी एकच गोष्ट विचारतो: सरासरीपेक्षा जास्त पगार किती जणांना आहे? निम्म्याच्या आसपास माणसं वर असतील तर तो आकडा साधारण माणसाचा म्हणून चालतो. नऊपैकी एकच वर असेल, तर तो साधारण माणसाचा आकडा नाही.

आपल्या कायद्यानेही यासाठी मध्यकच निवडला आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १९७(१२) आणि त्याखालचे २०१४ चे नियम यांनुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना दरवर्षी प्रत्येक संचालकाचं वेतन कर्मचाऱ्यांच्या मध्यक वेतनाच्या किती पट आहे ते जाहीर करावं लागतं, आणि मध्यक वर्षभरात किती टक्के वाढला हेही. मध्यक कसा काढायचा हेसुद्धा नियमात लिहून ठेवलंय: चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, सम संख्या असेल तर मधल्या दोघांची सरासरी. तुमच्या युनिटला हा नियम लागू नाही. पण वरच्या एक-दोघांच्या वेतनाची तुलना बाकीच्यांशी करताना वरच्यांनी फुगवलेला आकडा वापरायचा नाही, ही त्यामागची अक्कल नऊ माणसांच्या जागीही तितकीच खरी आहे.

आता साहेबांची बाजू, कारण त्यांच्या कामासाठी ४४ हजार हाच बरोबर आकडा आहे. महिन्याला पगाराला किती पैसे लागतात? ४४ हजार गुणिले ९, म्हणजे ३ लाख ९६ हजार. सरासरीला माणसांच्या संख्येने गुणलं की नेहमी खरी एकूण रक्कम मिळते. मध्यकाला गुणून पाहा: २४ हजार गुणिले ९, म्हणजे २ लाख १६ हजार. एवढीच तरतूद केली तर एक तारखेला १ लाख ८० हजार कमी पडतील. जॉबचं कोटेशन काढताना, बँकेला खर्चाचा अंदाज देताना किंवा मशीन-अवरचा दर बसवताना मध्यक निरुपयोगी आहे, तिथे बेरीज आणि सरासरीच लागते. साहेब दिवसभर खर्चाच्या भाषेत विचार करतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी ४४ हजार येणं साहजिक आहे. चूक होते ती पुढच्या वाक्यात, "एवढे कोण देतं" या वाक्यात. तिथे खर्चाचा आकडा मिळकतीचा म्हणून पुढे केला जातो. माझ्या मते खरी हरकत घ्यायची ती या वाक्याला, गणिताला नाही.

एक वेगळी शक्यताही तपासा. सर नुसते पगारदार आहेत, की धंद्यात भागीदार किंवा डायरेक्टरही आहेत? भागीदार असतील तर ते जे घेतात ते भागीदाराचं मानधन असतं. प्रोप्रायटर स्वतःसाठी काढतो ती उचल असते. या दोन्ही रकमा कर्मचाऱ्यांच्या पगारात मोडत नाहीत. तशा परिस्थितीत कर्मचाऱ्यांची सरासरी ४४ हजार म्हणणंच चूक आणि २३,२५० हा योग्य आकडा. डायरेक्टर असतील तर ते कंपनीकडून पगार घेऊ शकतात, पण तेव्हाही त्यांना वेगळं दाखवणं केव्हाही चांगलं.

याहून जास्त फसगत होते पगारवाढीच्या टक्क्यांत, आणि ते मला सविस्तर सांगायचंय, कारण दिवाळीच्या सुमाराला किंवा एप्रिलात तुमच्याच हातून तो तक्ता जाणार आहे. समजा या वर्षी फक्त सरांना १० टक्के वाढ दिली, म्हणजे २१ हजार. बाकी आठांना काहीच नाही. नवी बेरीज ४ लाख १७ हजार, नवी सरासरी ४६,३३३. जुन्या ४४ हजारांशी तुलना केली तर सरासरी पगार ५.३ टक्के वाढला. "या वर्षी सरासरी पगारात पाच टक्क्यांच्या वर वाढ" हे वाक्य हिशेबाने खरं आहे आणि आठ माणसांच्या खिशात एक रुपया आलेला नाही.

त्याच वाढीचा दुसऱ्या पद्धतीने हिशेब करा. प्रत्येकाची स्वतःची टक्केवारी आधी काढा: आठांची शून्य, सरांची दहा. आता या नऊ टक्केवाऱ्यांची सरासरी घ्या. ती १.१ टक्का येते. आणि या नऊ टक्केवाऱ्यांचा मध्यक? शून्य. एकाच घटनेचे ५.३, १.१ आणि शून्य असे तीन आकडे आणि तिन्ही हिशेबाने बरोबर. पहिल्यात जास्त पगाराच्या माणसाला त्याच्या रकमेइतकं वजन मिळतं, दुसऱ्यात प्रत्येक माणसाला सारखं, तिसऱ्यात मधल्या माणसाचं काय झालं एवढंच दिसतं. म्हणून "सरासरी वाढ" हे शब्द ऐकले की सरासरी पगारातली वाढ की वाढींची सरासरी, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उलटं वर्ष घ्या. आठांना प्रत्येकी ५ टक्के वाढ दिली, सर थांबले. आठांची मिळून वाढ ९,३०० रुपये. बेरीज ४ लाख ५ हजार ३००, सरासरी ४५,०३३. सरासरी पगार वाढला फक्त २.३ टक्के. म्हणजे ज्या वर्षी आठ जणांचं भलं झालं त्या वर्षीची सरासरी वाढ, ज्या वर्षी एकाचंच झालं त्या वर्षाच्या निम्म्याहून कमी दिसते. मध्यक मात्र २४ हजारांवरून २५,२०० होतो, बरोबर ५ टक्के. वाढ लोकांपर्यंत पोचली की नाही हे इथे मध्यकच सांगतो.

इथवर वाचून मध्यक म्हणजे प्रामाणिक आकडा आणि सरासरी म्हणजे धूळफेक असं वाटेल. तसं समजू नका. नऊ माणसांत मध्यक म्हणजे एका माणसाचा पगार. पाचव्या जागेवर कोण बसलंय एवढ्यावर तो ठरतो, आणि बाकी आठांना काय होतंय ते त्याला दिसत नाही. साहेबांनी सगळ्यात कमी पगाराच्या तिघांना प्रत्येकी ३ हजार वाढवून दिले असं धरा. १६ चे १९, १८ चे २१, २० चे २३. या तिघांसाठी ती १५ ते १९ टक्के वाढ आहे, घरखर्चात जाणवणारी. नवीन रांग लागते १९, २१, २२, २३, २४. पाचवा अजूनही २४ हजारच. मध्यक जराही हलला नाही. उलट फक्त पाचव्या माणसाला २ हजार वाढवले तर मध्यक २६ हजार होतो. ९ हजार खर्चून जे दिसलं नाही ते २ हजारांत दिसलं, आणि कागदावर "मध्यक पगारात ८ टक्के वाढ".

माणसं आली-गेली की दोन्ही आकडे आणखी विचित्र वागतात. ३२ हजारवाला नोकरी सोडून गेला समजा. सरांच्या खालोखाल पगाराचा माणूस गेला, युनिटचं नुकसान झालं. पण तो सरासरीच्या खाली होता, त्यामुळे सरासरी वाढते: ३ लाख ६४ हजार भागिले आठ, म्हणजे ४५,५००. आता उलट, काम वाढलं म्हणून १६ हजारांवर दोन नवे हेल्पर घेतले. अकरा जणांत मधला सहावा, तो २२ हजार. मध्यक २४ वरून २२ वर आला, सरासरी ३८,९०० च्या आसपास उतरली, आणि कोणाचाही पगार एक रुपयाने कमी झालेला नाही. त्यामुळे छोट्या जागी दोन वर्षांची तुलना करताना मी आधी दोन्ही वर्षांत हजर असलेली माणसंच वेगळी काढतो आणि त्यांचे पगार नावासमोर नाव ठेवून बघतो. आलेल्या-गेलेल्यांचा हिशेब वेगळा. हे केल्याशिवाय छोट्या टीमच्या वाढ-घटीवर काही बोलू नये असं माझं ठाम मत आहे.

काही टीममध्ये मधेच मोठी दरी असते. सहा जण, १८, १९, २०, ४५, ५० हजार आणि २ लाख. मध्यक येतो साडेबत्तीस हजार, आणि त्याच्या आसपासही कोणी नाही. अशा ठिकाणी दोन गट सरळ वेगळे सांगावेत. खरं तर दहाच्या आतल्या टीमसाठी एकच आकडा शोधायची धडपड मला पटत नाही. सगळ्यात चांगलं वर्णन एका वाक्यात होतं: आठ जण १६ ते ३२ हजारांत, त्यातले निम्मे २३ हजारांच्या खाली, आणि डिझाइनप्रमुख वेगळे. नवीन माणसाला मुलाखतीत हे सांगितलं तर त्याला खरी कल्पना येते. ४४ हजार सांगितले तर पहिल्या महिन्यातच त्याचा विश्वास उडतो.

तुम्ही अकाउंट्सवर आहात, तेव्हा एक्सेलबद्दलही सांगतो. पगार C2 ते C10 मध्ये असतील तर एवढं पुरतं:

```
=AVERAGE(C2:C10)
=MEDIAN(C2:C10)
=COUNT(C2:C10)
```

तिसरं सूत्र कशासाठी? टॅलीतून किंवा व्हॉट्सॲपवरून कॉपी केलेले आकडे कधी कधी मजकूर म्हणून बसतात. दिसतात आकड्यासारखे, पण पहिली दोन्ही सूत्रं त्यांना गुपचूप वगळतात. COUNT नऊऐवजी आठ दाखवू लागला की समजायचं एक पगार हिशेबात आलाच नाही. तसंच रिकामी चौकट आणि शून्य यांत फरक आहे. कोणी महिनाभर बिनपगारी रजेवर असेल आणि तुम्ही ० लिहिलं तर तो माणूस शून्य पगाराचा म्हणून मोजला जातो, चौकट रिकामी ठेवली तर मोजलाच जात नाही. अशा वेळी त्या महिन्याची रक्कम सोडून त्याचा ठरलेला पगार लिहावा.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे खालची बेरजेची ओळही निवडली जाणं, C10 ऐवजी C11 पर्यंत. मग ३ लाख ९६ हजार हा दहावा "पगार" होतो आणि सरासरी ७९,२०० दाखवते. हे बघताक्षणी खटकतं. पण त्याच चुकीने मध्यक होतो २५ हजार, आणि तो अगदी खरा वाटतो. मध्यक एकट्या मोठ्या आकड्याने डगमगत नाही हा त्याचा गुण इथे उलटतो, चुकीचा आकडा शिरला तरी तो चेहऱ्यावर दाखवत नाही. त्यामुळे मध्यकच हवा असला तरी सरासरी शेजारी काढून ठेवायची, चूक पकडायला तिचा उपयोग होतो.

आणि सगळ्यांचे आकडे एकाच मापाचे हवेत. एकाचा हातात येणारा, दुसऱ्याचा सीटीसी आणि तिसऱ्याचा ओव्हरटाइम धरून, असं मिसळलं की पुढचं सगळं व्यर्थ. मी कपातीपूर्वीचा ठरलेला महिन्याचा पगार घेतो, बोनस धरायचा असेल तर वर्षाच्या रकमेला १२ ने भागून. हातात येणारी रक्कम तुलनेला बरी नाही. महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलेला व्यवसाय कर नाही, तेवढ्याच पगाराच्या पुरुषाचे २०० रुपये कापले जातात. सरांचा तर टीडीएस जात असणार. कपातीनंतरचे आकडे घेतले की पगार सोडून करांची तुलना होते.

आता तुमचं. २८ हजारांवर तुम्ही रांगेत खालून सातवे, वरून तिसरे. सरासरी धरलीत तर तुम्ही तिच्या १६ हजार खाली आहात, पण साहेब सहज म्हणतील की सर सोडून सगळेच खाली आहेत. मध्यक धरलात तर तुम्ही त्याच्या ४ हजार वर आहात, म्हणजे तो आकडा तुमच्याच विरुद्ध जातो. सेटर, ऑपरेटर, हेल्पर, डिझायनर आणि अकाउंटंट या वेगवेगळ्या कामांचे पगार एका रांगेत लावून अकाउंटंटचा पगार योग्य आहे की नाही हे कळणार नाही. त्याला बाजारातल्या अकाउंटंटचे पगार लागतात.

तुमच्या कामाची व्याप्ती आधी लिहून काढा. जीएसटीआर-१ आणि ३बी तुम्ही स्वतः भरता की सीएकडून भरून घेता? टीडीएसची तिमाही विवरणपत्रं, पगारपत्रक, बँकेचा स्टॉक स्टेटमेंट, उधारीचा पाठपुरावा, यातलं काय काय तुमच्याकडे आहे? भोसरी-चाकण पट्ट्यात नुसती टॅली एंट्री करणारा आणि जीएसटीपासून ताळेबंदाच्या तयारीपर्यंत सगळं एकट्याने सांभाळणारा यांच्या पगारात मोठा फरक असतो. मग तुमच्याच व्याप्तीचं काम करणारे, साधारण तेवढाच अनुभव असलेले पाच-सहा जण शोधा, आसपासच्या युनिट्समधले किंवा तुमच्या सीएच्या ओळखीतले. त्यांच्या पगारांचा मध्यक काढा. इथे मध्यक शोभतो, कारण सगळे एकाच कामाचे आहेत आणि एखाद्या मोठ्या कंपनीतल्या पगाराने आकडा फुगत नाही.

सोबत तुमचा स्वतःचा पगार मागच्या काही वर्षांत कसा गेला ते ठेवा. उदाहरणार्थ, तीन वर्षांपूर्वी २५ हजार असतील तर २८ हजार म्हणजे एकूण १२ टक्के, वर्षाला चारच्याही जरा खाली. त्याच तीन वर्षांत महागाई किती वाढली ते लेबर ब्युरोच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकात बघता येतं, त्यात पुणे केंद्राचा आकडा वेगळा मिळतो. तुमची वाढ त्याहून कमी असेल तर २८ हजारांत तुम्ही तेव्हाच्या २५ हजारांपेक्षा कमी विकत घेताय, आणि हे साहेबांसमोर ठेवायला कुठल्याच सहकाऱ्याच्या पगाराची गरज नाही.

ती शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. इतरांचे पगार तुम्हाला कळतात ते कामामुळे, त्यांनी सांगितले म्हणून नाही. स्वतःच्या पगारवाढीच्या बोलण्यात ते आकडे काढलेत तर साहेब उरलेलं काही ऐकणार नाहीत, आणि त्यांचं तसं वागणं मी चुकीचं म्हणणार नाही. छोट्या जागी नावं न घेता सांगितलेले आकडेही उघडे पडतात. सगळ्यांची सरासरी ४४ हजार आणि सर सोडून २३,२५० असे दोनच आकडे सगळ्यांसमोर बोलले गेले, तरी कोणीही ९ गुणिले ४४ हजारांतून ८ गुणिले २३,२५० वजा करून सरांचा पगार पैशापर्यंत काढू शकतो. मध्यक २४ हजार हा तर पाचव्या माणसाचा पगारच आहे. तेव्हा मीटिंगमध्ये साहेबांनी ४४ हजार पुन्हा सांगितले तर तिथे दुरुस्ती करायला जाऊ नका. नंतर केबिनमध्ये, दोघंच असताना सांगा की हा आकडा सरांना धरून आहे आणि बाकीच्यांना तो आपला वाटत नाही. त्याऐवजी कामानुसार पट्टे सांगितले, ऑपरेटरला इतके ते इतके, ऑफिसला इतके ते इतके, तर कोणाचा पगारही उघड होणार नाही. तो तक्ता तुम्हीच अर्ध्या तासात करून देऊ शकता.